डोंगराचा चढ मोजणारा गुणाकार

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत सदिश शिकायला घेतले की थोड्याच तासांत अदिश गुणाकाराची पाळी येते आणि त्याची दोन सूत्रे फळ्यावर एकाखाली एक लिहिली जातात. पहिल्यात दोन्ही सदिशांचे आडवे घटक एकमेकांशी गुणायचे, उभे घटक एकमेकांशी गुणायचे आणि दोन्ही गुणाकारांची बेरीज करायची. दुसऱ्यात दोन्ही सदिशांच्या लांब्यांचा गुणाकार करायचा आणि त्यांच्यामधल्या कोनाच्या cos ने त्याला पुन्हा गुणायचे. पहिल्या सूत्रात कोनाचा मागमूस नाही, दुसऱ्यात घटकांचा. उत्तर मात्र दोन्हीकडे तेच येते. ते का येते, हे विचारायला वर्गात सहसा सवड नसते. उदाहरणात घटक दिले असतील तर पहिले सूत्र, कोन दिला असेल तर दुसरे, एवढ्यावर परीक्षा पार पडते. आलेली संख्या नेमकी कशाची, हे मात्र कळायचे राहूनच जाते.

ते कळण्याची एक चांगली जागा म्हणजे चौकटींचा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे, ज्यांना सगळे टोपोशीट म्हणतात, यासाठी फार सोयीचे आहेत. या नकाशावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर २ सेंटीमीटरच्या चौकटी आखल्या की प्रत्येक चौकट एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद होते. शिवाय या नकाशांवर तपकिरी समोच्च रेषा असतात. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा विद्यार्थ्यांनी भूगोलात पाहिलेल्याच असतात. दोन शेजारच्या रेषांमध्ये सामान्यतः २० मीटर उंचीचा फरक असतो. अदिश गुणाकार समजायला एवढे साहित्य पुरेसे आहे. पण त्याआधी नुसते चालायला शिकले पाहिजे.

चालण्याचा नियम साधा: आधी पूर्वेकडे किती, मग उत्तरेकडे किती. तीन चौकटी पूर्वेला आणि दोन उत्तरेला, हे (३, २) असे लिहायचे. पश्चिमेला किंवा दक्षिणेला जायचे असेल तर ऋण चिन्ह. वर्गात हे आधी पटांगणावर खडूने चौकटी आखून करून घ्यावे. दोन विद्यार्थी दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे करायचे आणि दोघांनाही (३, २) एवढे चालायला सांगायचे. दोघे दोन निराळ्या ठिकाणी पोहोचतात, पण दोघांचा बाण सारखाच असतो, तेवढ्याच लांबीचा आणि त्याच दिशेचा. सदिश म्हणजे हा बाण. तो कुठून सुटला, याची त्यात नोंद नसते.

इथे एक घोटाळा हमखास होतो. नववीत निर्देशक भूमिती शिकताना (३, २) म्हणजे आलेखावरचा एक ठरावीक बिंदू, हे मनात पक्के बसलेले असते. आता तीच जोडी हालचालीसाठी वापरली जाते. विद्यार्थ्याची गल्लत होते आहे का, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो. (४, १) या बिंदूवर उभे राहून (३, २) एवढे चाललास, तर कुठे पोहोचशील? (७, ३) हे उत्तर आले तर गाडी रुळावर आहे. ‘(३, २) वर’ असे उत्तर आले, तर विद्यार्थी अजून बिंदूच पाहतो आहे आणि त्याला पुन्हा पटांगणावर न्यायला हवे.

बेरीज यातून आपोआप निघते. आधी (३, २) आणि तिथून पुढे (−१, २) एवढे चालले, तर एकूण हालचाल (२, ४). क्रम उलटा केला तरी वाट बदलते, मुक्काम तोच राहतो. मात्र लांब्यांची बेरीज अशी होत नाही. पहिल्या बाणाची लांबी पायथागोरसच्या प्रमेयाने सुमारे ३.६ किलोमीटर, दुसऱ्याची सुमारे २.२, पण सुरुवातीपासून मुक्कामापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ४.५ किलोमीटरच भरते. नववीच्या विज्ञानात अंतर आणि विस्थापन असा जो भेद शिकवतात, तो इथे फूटपट्टीने मोजून पाहता येतो.

चौकटी मोजताना त्या खरोखर चौरस आहेत ना, हेही बघायला हवे. चंडीगढ हे त्याचे उत्तम उदाहरण. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या शहरातला ठरावीक सेक्टर १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद आहे. लांब बाजूच्या दिशेने दोन सेक्टर आणि रुंद बाजूच्या दिशेने तीन सेक्टर चालले, तर सेक्टरांच्या हिशोबात हालचाल (२, ३) होते. प्रत्यक्षात दोन्हीकडे २४०० मीटरच चालणे झालेले असते, म्हणजे बाण बरोबर ४५ अंशांत जातो. सेक्टर मोजून दिशा काढणारा चुकतो. पायथागोरस आणि पुढे येणारा अदिश गुणाकार यांची घटकांची सूत्रे, अक्ष एकमेकांना लंब असतील आणि दोन्हीकडचे एकक सारखे असेल, तरच चालतात. पाठ्यपुस्तकात आलेखकागद आयताच मिळत असल्यामुळे ही अट कुणाच्या नजरेलाच येत नाही. चंडीगढमध्ये ती पायाखाली येते.

आता डोंगराकडे वळू. समजा नकाशाच्या एका भागात समोच्च रेषा सरळ, समांतर आणि सारख्या अंतरावर आहेत, म्हणजे डोंगराची ती बाजू एकसारख्या उताराची आहे. एका चौकटीच्या खालच्या कडेने पूर्वेकडे बोट फिरवले, तर एका किलोमीटरमध्ये तीन रेषांची चढण होते. तीन गुणिले वीस, म्हणजे ६० मीटर. डाव्या कडेने उत्तरेकडे बोट फिरवले तर चार रेषा, म्हणजे ८० मीटर. म्हणजे या जमिनीवर पूर्वेला दर किलोमीटरमागे ६० मीटर आणि उत्तरेला दर किलोमीटरमागे ८० मीटर चढावे लागते. ही जोडी (६०, ८०) अशी लिहिली की तोही एक सदिश झाला. त्याला चढाचा सदिश म्हणता येईल.

या उतारावर कुणी (३, २) एवढे चालले, तर किती उंच जाईल? पूर्वेकडच्या तीन किलोमीटरमध्ये ३ × ६० म्हणजे १८० मीटर आणि उत्तरेकडच्या दोन किलोमीटरमध्ये २ × ८० म्हणजे १६० मीटर. एकूण ३४० मीटर. विद्यार्थी हे गणित कुठलेही सूत्र न सांगता करतात, आणि हाच अदिश गुणाकार आहे. हालचालीचा सदिश आणि चढाचा सदिश यांच्या जोडीतून एक संख्या निघाली: चढलेली उंची. तिला दिशा नाही, ती नुसती मीटरमध्ये मोजायची. (१८०, १६०) अशी जोडी लिहून थांबणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. ‘तू किती मीटर चढलास?’ असे विचारले की बेरीज का करायची हे त्यांचे त्यांनाच उमगते.

भाजीचे बिल असेच होते: तीन किलो ६० रुपयांच्या दराने, दोन किलो ८० च्या दराने, एकूण ३४० रुपये. मात्रा गुणिले दर आणि मग बेरीज, इतपत साम्य खरे आहे आणि सुरुवातीला ते उपयोगी पडते. पण बिलाच्या हिशोबात कोन नसतो. किलोंच्या दोन अक्षांना तिरके फिरवून नवी भाजी तयार होत नाही. जमिनीवर मात्र दिशा फिरवता येतात, आणि अदिश गुणाकाराचा खरा अर्थ त्या फिरवण्यात आहे.

त्यासाठी आधी सपाट जाणारी वाट शोधायची. या उतारावर चार किलोमीटर पूर्वेला आणि तीन किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे (४, −३) एवढे चालले, तर चढ होतो ४ × ६० वजा ३ × ८०, म्हणजे शून्य. पाच किलोमीटर चालूनही उंची तीच राहिली. हीच समोच्च रेषेची दिशा. सर्वांत खडी चढण तिला काटकोनात असणार, म्हणजे तीन पूर्वेला आणि चार उत्तरेला. त्या वाटेने (३, ४) एवढे, म्हणजे सरळ पाच किलोमीटर गेले, तर चढ होतो १८० अधिक ३२०, म्हणजे ५०० मीटर. किलोमीटरमागे १००. चढाचा सदिश (६०, ८०) याची लांबीही पायथागोरसने १०० येते आणि त्याची दिशाही तीन पूर्व, चार उत्तर हीच आहे. म्हणजे चढाच्या बाणाची दिशा सर्वांत खडी चढण दाखवते आणि त्याची लांबी तो खडेपणा किती, ते सांगते.

आता मुख्य पायरी. (३, २) हा बाण नकाशावर पेन्सिलीने काढावा. चौकटी आखलेला ट्रेसिंग पेपर बाणाच्या सुरुवातीच्या टोकाशी टाचणीने टोचावा आणि त्याचा एक अक्ष सर्वांत खड्या चढणीच्या दिशेला येईपर्यंत फिरवावा. जुन्या पूर्व-उत्तर चौकटी आता गेल्या; नव्या चौकटींत एक अक्ष थेट वर चढतो आणि दुसरा समोच्च रेषेवरून सपाट जातो. पेन्सिलीचा बाण हललेला नाही. नव्या चौकटींत तो वाचला, तर चढणीच्या दिशेने ६.८ सेंटीमीटर आणि सपाट दिशेने २.४ सेंटीमीटर भरतो. जमिनीवर हे झाले ३.४ किलोमीटर आणि १.२ किलोमीटर. सपाट भागातून उंची काहीच मिळत नाही. चढणीच्या ३.४ किलोमीटरमधून, किलोमीटरमागे १०० या हिशोबाने, ३४० मीटर मिळतात. पुन्हा तेच उत्तर.

तेच यायला हवे होते. डोंगरावर चौकटी कुणी आखलेल्या नसतात. त्या कागदावर असतात. कागद फिरवल्याने चालणाऱ्याची चढलेली उंची बदलणार नाही. आता त्या ३.४ किलोमीटरकडे नीट पाहावे. बाण हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे आणि ३.४ ही कोनालगतची बाजू. दहावीच्या त्रिकोणमितीप्रमाणे लगतची बाजू म्हणजे कर्ण गुणिले cos θ. म्हणून चढ झाला १०० × बाणाची लांबी × cos θ, आणि हेच फळ्यावरचे दुसरे सूत्र. दोन्ही सूत्रे एकाच चढाची दोन मोजमापे आहेत. पहिले पूर्व-उत्तर चौकटींत केलेले, दुसरे डोंगराच्या बाजूने वळवलेल्या चौकटींत. पुस्तकांत यासाठी कोसाइनच्या नियमावरून दिलेली सिद्धता अचूक असते, पण ती वाचून आलेल्या संख्येचा अर्थ हाती लागत नाही. टाचणीभोवती फिरणाऱ्या कागदाने तो लागतो: एका सदिशाचा किती भाग दुसऱ्याच्या दिशेने पडतो, ते पाहायचे आणि त्याला दुसऱ्याच्या लांबीने गुणायचे.

चिन्हाचा अर्थही लगेच कळतो. (−२, −१) एवढे चालले तर −१२० − ८०, म्हणजे −२००. माणूस दोनशे मीटर खाली उतरला. कोन काटकोनापेक्षा कमी असेल तर चढ, जास्त असेल तर उतार, आणि बरोबर काटकोन असेल तर शून्य.

या शून्यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी राबून काम केले आहे. पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर खणतात त्या सलग समतल चरांची दिशा तीच असते, जिथे चढाच्या सदिशाशी होणारा अदिश गुणाकार शून्य येतो. चर समपातळीत असेल तर पावसाचे पाणी जागच्या जागी थांबते आणि मुरते. आखणी थोडी तिरकी गेली की काय होते, ते वरच्याच उतारावर पाहता येईल. समजा चराची दिशा समोच्च रेषेपासून फक्त ५ अंशांनी ढळली. मग चढणीशी तिचा कोन ९० ऐवजी ८५ अंश झाला. cos ८५° सुमारे ०.०८७, म्हणून किलोमीटरमागे ८.७ मीटर उतार, म्हणजे शंभर मीटर लांबीच्या चरात सुमारे ८७ सेंटीमीटरचा फरक. चराची खोली अर्ध्या मीटरच्या आसपास धरली, तर सगळे पाणी खालच्या टोकाला धावणार, तिथला मातीचा भराव फोडून बाहेर पडणार आणि चराऐवजी ओघळ तयार होणार.

उलट, सर्वांत खड्या वाटेपासून कुणी तेवढेच ५ अंश ढळले, तर चढ किलोमीटरमागे १०० ऐवजी ९९.६ मीटर होतो, जो पायांना जाणवणारही नाही. cos चा आलेख शून्य अंशाजवळ जवळजवळ सपाट असतो आणि काटकोनाजवळ झपाट्याने बदलतो, त्याचा हा थेट परिणाम. म्हणून गडाची वाट अंदाजाने काढता येते, समतल चर मात्र अंदाजाने आखता येत नाही. त्यासाठी गावकरी ए-फ्रेम वापरतात. काठ्यांचा इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा, वरच्या टोकापासून दोरीने लोंबणारा दगड आणि मधल्या आडव्या काठीवर एक खूण. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत. एक पाय रोवून दुसरा पुढे फिरवायचा, दोरी खुणेवर येईपर्यंत जागा शोधायची आणि तिथे फक्कीची खूण करायची. पारदर्शक नळीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा हायड्रोमार्करही हेच काम करतो. प्रत्येक पावलाला अदिश गुणाकार शून्य आहे की नाही, एवढेच ही साधने तपासतात.

रेल्वेला शून्य चालत नाही, पण फार जास्तही चालत नाही. खंडाळ्याच्या बोर घाटात, ज्याला भोर घाटही म्हणतात, चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २७ मीटर. तेवढ्या चढासाठीही गाडीला मागून जादा इंजिने लावली जातात. १८६३ मध्ये ही वाट सुरू झाली, तेव्हाही सह्याद्रीचा कडा याहून कितीतरी खडा होता. आपल्या सौम्य उतारावर, म्हणजे किलोमीटरमागे १०० मीटर धरले तरी, रूळ २७ मीटरच चढावेत यासाठी cos θ सुमारे ०.२७ हवा. तो कोन सुमारे ७४ अंशांचा येतो. म्हणजे रुळांना समोच्च रेषा जवळपास धरूनच जावे लागते, तिच्यापासून जेमतेम १६ अंश वर. खऱ्या घाटात डोंगर जिथे याहून खडा आहे, तिथे हा कोन आणखी आवळतो आणि जिथे डोंगरच आडवा येतो तिथे बोगदा खोदावा लागतो. घाटातली वळणे का आली, याचे निम्मे उत्तर या एका गुणाकारात आहे.

नकाशावरच्या या रीतीची मर्यादाही वर्गात उघड सांगायला हवी. (६०, ८०) हा चढाचा सदिश सगळ्या डोंगरासाठी एकच नसतो. समोच्च रेषा वळतात, कुठे दाटतात, कुठे विरळ होतात. अंदाज फसला की नाही हे मात्र नकाशाच सांगतो. ३४० मीटरचा चढ म्हणजे २० मीटरच्या १७ रेषा. पेन्सिलीच्या बाणावरून बोट फिरवताना १७ च्या जवळपास रेषा ओलांडल्या गेल्या, तर उतार एकसारखा आहे. बाराच आल्या, तर मध्ये कुठेतरी पठार किंवा घळ आहे आणि बाणाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी चढाचा सदिश नव्याने काढला पाहिजे. पुढे कलन शिकताना नेमके हेच करायचे असते.

हा अर्थ एकदा बसला की नववीतल्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठातले सूत्रही वेगळे दिसू लागते. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन गुणिले cos θ, असे तिथे दिलेले असते आणि बलाला काटकोनात विस्थापन झाले तर कार्य शून्य, हे पाठ करून घेतले जाते. खांद्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस गुरुत्वबलाविरुद्ध कार्य करत नाही, हे विद्यार्थ्यांना खोटे वाटते, कारण माणूस दमलेला दिसतो. समोच्च रेषेवरून पाच किलोमीटर चालूनही उंची न वाढलेली ज्याने नकाशावर पाहिली आहे, त्याला ते मान्य करायला अडचण पडत नाही. थकवा स्नायूंचा असतो, ओझे मात्र होते त्याच उंचीवर राहिलेले असते.

गुणाकारातला ठिपका अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले जोसाया विलर्ड गिब्ज यांच्या लेखनातून रूढ झाला. सदिशांवरची त्यांची टिपणे १८८१ आणि १८८४ मध्ये दोन भागांत छापली गेली, तीही विक्रीसाठी नव्हे, आपल्या विद्यार्थ्यांसाठी.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. गणिताच्या शिक्षकांनी शाळेजवळची टेकडी दाखवणारा नकाशा मूळ आकारात छापून घ्यावा, छापल्यावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर हे प्रमाण टिकले आहे ना ते नकाशावरच्या प्रमाणपट्टीने तपासावे, आणि अदिश गुणाकाराचा पहिला तास फळ्यावर न घेता ट्रेसिंग पेपर, टाचणी आणि फूटपट्टी घेऊन त्या नकाशावर घ्यावा.